कंपनी व्यापारी संघटनेची किंवा चेंबरची सदस्य आहे का, हे कसे तपासावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन पुरवठादार, वाहतूकदार किंवा एजंट स्वतःला एखाद्या व्यापारी संघटनेचा किंवा चेंबर ऑफ कॉमर्सचा सदस्य म्हणवतो, तेव्हा खरेदी विभागाकडून आणि लहान व्यावसायिकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आगाऊ रक्कम पाठवण्याआधीची तपासणी डोळ्यांपुढे ठेवून उत्तरे लिहिली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या उत्तरात येत असेल, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सदस्यत्व म्हणजे नेमके काय? संघटनेने कंपनीची चौकशी केलेली असते ना?

बहुतेक ठिकाणी सदस्यत्व म्हणजे अर्ज, वार्षिक वर्गणी आणि संघटनेच्या नियमावलीला दिलेली संमती. अर्जासोबत नोंदणीचा दाखला मागतात. काही संघटना दोन जुन्या सदस्यांची शिफारस मागतात, तर काही मागच्या वर्षांचे ताळेबंद पाहतात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणाऱ्या संघटना कमी आहेत आणि दर वर्षी पुन्हा पाहणाऱ्या त्याहून कमी. नूतनीकरण बहुधा फक्त वर्गणी भरली की होते.

म्हणून «चौकशी झालेली असते का» याचे सरसकट उत्तर देता येत नाही. संघटनेच्या संकेतस्थळावर प्रवेशाचे निकष शोधा. ते दोन ओळींत संपत असतील, तर चौकशीही साधारण तेवढीच झाली आहे असे धरून चाला. निकष सापडलेच नाहीत, तर प्रश्न ४ मधल्या मेलमध्ये तेही विचारा.

२. सदस्यत्व खरे आहे की नाही, हे कोणत्या क्रमाने तपासायचे?

क्रमाला महत्त्व आहे, कारण सुरुवात चुकली की पुढचे सगळे तपासूनही उपयोग होत नाही. पहिले काम संघटनेच्या यादीत नाही, तुमच्या टेबलावरच्या कागदांत आहे. ज्याच्याशी करार होणार आणि ज्याच्या खात्यात पैसे जाणार, त्या कंपनीचे पूर्ण कायदेशीर नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता लिहून काढा. हे प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरून घ्या, माहितीपत्रकावरून नको.

मग संघटनेचे संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा. विक्रेत्याने मेलमध्ये दिलेली लिंक, सहीखालचा लोगो किंवा प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड यांपैकी काहीही वापरू नका. तिथे सदस्यांची यादी असेल, तर कायदेशीर नावाने शोधा, नंतर सदस्य क्रमांकाने शोधा आणि दोन्ही शोध एकाच नोंदीवर पोहोचतात का ते पाहा. संकेतस्थळावरची शोधपेटी कधी कधी इतकी हट्टी असते की नावातल्या एका टिंबासाठी नोंद लपवते. अशा वेळी बाहेरच्या शोधयंत्रात असे लिहा:

```
site:example.org "company name"
```

`example.org` च्या जागी संघटनेचे डोमेन आणि अवतरणचिन्हांत कंपनीच्या नावाचा सर्वांत वेगळा शब्द टाका.

यादीतल्या नोंदीचा पत्ता, संकेतस्थळ आणि फोन तुमच्या कागदांवरच्या माहितीशी ताडून पाहा. शेवटी संघटनेच्या कार्यालयाला लिहून खात्री करा. यादीत नाव दिसले की हा शेवटचा टप्पा अनेक जण सोडून देतात. पण यादी कधी अद्ययावत केली ते यादी सांगत नाही, कार्यालयातला माणूस सांगतो.

३. विक्रेत्याने रंगीत प्रमाणपत्राची पीडीएफ पाठवली आहे. ती पुरेशी नाही का?

नाही. सदस्यत्वाचे प्रमाणपत्र नकली करणे सर्वांत सोप्या कागदांत मोडते. मूळ नमुना संघटनेच्या खऱ्या सदस्यांनीच आपापल्या संकेतस्थळांवर लावलेला असतो. त्यावरचे नाव बदलले की काम झाले.

तरी पीडीएफ फेकून देऊ नका, त्यातून पुढच्या तपासणीसाठी सुगावा मिळतो. वैधतेची तारीख आहे का ते पाहा. ती नसेल आणि फक्त «सदस्य २०१४ पासून» असे असेल, तर त्यातून २०१४ मध्ये सदस्यत्व मिळाले एवढेच कळते. नावाच्या ओळीची अक्षरे बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या वळणाची किंवा किंचित तिरकी आहेत का, सदस्य क्रमांकाचा साचा इतर सदस्यांच्या क्रमांकांसारखा आहे का, आणि सही करणारा पदाधिकारी त्या तारखेला त्या पदावर होता का, हेही पाहा. शेवटची गोष्ट संघटनेच्या जुन्या बातम्यांत सहज सापडते आणि खोटे कागद तिथेच बऱ्याचदा उघडे पडतात.

क्यूआर कोड असेल, तर तो कोणत्या डोमेनवर नेतो ते आधी वाचा. संघटनेच्या डोमेनऐवजी दिसायला तसेच, पण एखादे अक्षर किंवा शेवटचा भाग वेगळा असलेले डोमेन निघाले, तर तपासणी तिथेच संपली.

४. संघटनेला मेलमध्ये काय लिहावे म्हणजे उपयोगी उत्तर येईल?

«ही कंपनी चांगली आहे का» असे विचारलेत तर उत्तर येणार नाही, किंवा आले तरी गुळमुळीत येईल. कार्यालयातल्या माणसाला नोंदवही उघडून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारा. मजकूर साधारण असा:

«महोदय, खालील कंपनीने आपल्या संघटनेची सदस्य असल्याचे आम्हाला कळवले आहे. कायदेशीर नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि सांगितलेला सदस्य क्रमांक सोबत देत आहोत. कृपया कळवावे : १) आजच्या तारखेला ही कंपनी सदस्य आहे का, २) आपल्या नोंदीत तिचे नाव आणि नोंदणी क्रमांक नेमका कसा आहे, ३) सदस्यत्वाचा प्रकार कोणता आणि ते कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, ४) आपल्या नोंदीतले तिचे संकेतस्थळ आणि मेलचे डोमेन कोणते.»

चौथा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही, पण फसवणूक उघडी पडते ती बऱ्याचदा त्यामुळेच. का, ते प्रश्न १२ मध्ये आहे. मेल संघटनेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर पाठवा आणि विक्रेत्याला त्यात सामील करू नका. दोन-तीन कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर फोन करा. फोनवर मिळालेली माहिती मेलने परत पाठवून «असे कळले, बरोबर आहे ना» एवढे विचारून ठेवा.

५. संघटना म्हणते, सदस्यांची माहिती देता येत नाही. मग?

काही संघटना गोपनीयतेमुळे यादी प्रसिद्ध करत नाहीत आणि त्यात वावगे काही नाही. मग चेंडू विक्रेत्याकडे टाका. त्याने संघटनेला लेखी संमती द्यावी आणि संघटनेने थेट तुम्हाला पत्र पाठवावे. खऱ्या सदस्याला यात एका मेलचेच काम असते. तो टाळाटाळ करू लागला, तर सदस्यत्व सिद्ध झाले नाही असे धरा. संघटनेचे पत्र विक्रेत्याच्या हातून आले, तर ते प्रश्न ३ मधल्या पीडीएफपेक्षा वेगळे नाही.

६. यादीत नाव सापडत नाही. म्हणजे विक्रेता खोटे बोलतो आहे?

तसेच असेल असे नाही. यादी वर्षातून एकदाच बदलली जात असेल, कंपनी व्यापारी नावाने नोंदलेली असेल, दुसऱ्या लिपीतले नाव वेगळ्या स्पेलिंगने चढलेले असेल, किंवा कंपनीने यादीत नाव न छापण्याचा पर्याय निवडला असेल. चेंबरच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. कंपनी शहराच्या चेंबरची सदस्य असते आणि शोधणारा राष्ट्रीय चेंबरची यादी पाहत बसतो.

उलटी चूकही होते. यादीत नाव आहे, पण सदस्यत्व गेलेले आहे. वर्गणी थकली तरी अनेक संघटना काही महिने सवलत देतात आणि तोवर नाव तसेच राहते. म्हणून यादीत «आहे» असो वा «नाही», शेवटचा शब्द संघटनेच्या कार्यालयाचा.

७. नाव जवळपास जुळते, पण तंतोतंत नाही. एवढे चालून जाते का?

चालून जात नाही. बनावट प्रमाणपत्रांपेक्षा लोक इथेच जास्त फसतात, म्हणून हे उत्तर थोडे लांब आहे.

समजा, यंत्राच्या सुट्या भागांचा एक पुरवठादार आहे. कोटेशनच्या डोक्यावर «अबक ग्रुप» आहे. सदस्यत्वाचे प्रमाणपत्र «अबक इंडस्ट्रीज लिमिटेड» या नावाचे आहे. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस «अबक ओव्हरसीज लिमिटेड»ची आहे आणि आगाऊ ३० टक्के रक्कम त्याच नावाच्या, पण तिसऱ्या देशातल्या बँकेतल्या खात्यात मागितली आहे. ग्राहक संघटनेच्या यादीत «अबक» शोधतो, नोंद सापडते, २०१६ पासून सदस्य असे दिसते आणि तो निर्धास्त होतो.

आता हीच तपासणी नीट करू. यादीतली नोंद अबक इंडस्ट्रीजची आहे. तिचा नोंदणी क्रमांक कंपनी निबंधकाच्या नोंदवहीत टाकला, तर कंपनी २००९ ची निघते आणि चालू स्थितीत आहे. इथवर सगळे खरे आहे. मग इन्व्हॉइसवरचा क्रमांक टाकला. ओव्हरसीज ही वेगळी कंपनी आहे, तिची नोंदणी अकरा महिन्यांपूर्वीची आहे, आणि दोन्हींत सामाईक आहे तो फक्त एक संचालक. संघटनेने कळवले की सदस्यत्व इंडस्ट्रीजपुरतेच आहे, समूहातल्या इतर कंपन्यांना ते लागू नाही.

इथे खोटे कोणीच बोललेले नाही. प्रमाणपत्र खरे, यादी खरी, समूहही कदाचित खराच. पण तुमचा करार होणार आहे एका बिगरसदस्य, अकरा महिन्यांच्या कंपनीशी. माल आला नाही आणि तुम्ही संघटनेकडे तक्रार केलीत, तर उत्तर येईल की ओव्हरसीज आमची सदस्य नाही. निर्यातीसाठी किंवा करांच्या सोयीसाठी वेगळी कंपनी काढणे अगदी रीतसर असते, त्यामुळे एवढ्यावरून आरोप करू नका. फक्त सांगा की करार आणि इन्व्हॉइस इंडस्ट्रीजच्या नावे करा आणि खातेही तिच्याच नावाचे द्या. नाहीतर इंडस्ट्रीजने ओव्हरसीजच्या वतीने लेखी हमी द्यावी. दोन्हींना नकार आला, तर सदस्यत्व नाहीच असे समजून व्यवहार ठरवा. म्हणजे आगाऊ रक्कम नको, लेटर ऑफ क्रेडिट किंवा माल पाठवल्यावर पैसे.

कंपनीकडे एलईआय नावाचा वीस अक्षरांचा ओळख क्रमांक असेल, तर `search.gleif.org` वर तो फुकट शोधता येतो. मूळ कंपनीची माहिती कळवलेली असेल, तर कोणती कंपनी कोणाची हेही तिथे दिसते. हा क्रमांक सगळ्यांकडे नसतो, त्यामुळे तो नसणे ही शंकेची गोष्ट मानू नका.

८. संघटनाच खरी आहे, हे कशावरून ठरवायचे?

भारदस्त नाव आणि गोल लोगो असलेले संकेतस्थळ एका दुपारी उभे राहते. त्यामुळे नावाकडे न पाहता संघटनेच्या कामाचा माग शोधा. तिची घटना किंवा नियमावली वाचायला मिळते का, ती कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे, वार्षिक सभा आणि पदाधिकाऱ्यांची निवड यांच्या नोंदी आहेत का, आणि सदस्य यादीतल्या सहजगत्या निवडलेल्या चार-पाच कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळांवर हे सदस्यत्व सांगतात का, ते पाहा. शेवटची कसोटी सोपी आहे आणि बनावट संघटना बहुधा तिथेच अडकते.

डोमेन कधी नोंदले ते `lookup.icann.org` वर दिसते. देशांच्या संक्षेपाने संपणारी अनेक डोमेन तिथे सापडत नाहीत, ती त्या त्या देशाच्या नोंदणी संस्थेकडे पाहावी लागतात. «पन्नास वर्षांची परंपरा» सांगणाऱ्या संघटनेचे डोमेन चार महिन्यांपूर्वीचे निघाले, तर आणखी खोदा.

एक प्रकार यापेक्षा कमी ठळक असतो. संघटना कायदेशीर असते, पण तिचा सगळा व्यवसाय प्रमाणपत्रे आणि पुरस्कार विकण्याचा असतो. अर्ज भरा, पैसे भरा, आठवड्यात सदस्य. इथे सदस्यत्व खरे असते, फक्त त्याची किंमत शून्य असते. व्यापारी पोर्टलवरच्या «गोल्ड» किंवा «प्रीमियम» सदस्यत्वांनाही हेच लागू आहे. ते पोर्टलचे ग्राहक असतात, संघटनेचे सदस्य नव्हेत.

९. चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे सरकारी संस्थाच ना?

हे देशागणिक बदलते आणि त्यावर सदस्यत्वाचा अर्थही बदलतो. जर्मनीत उद्योग-व्यापार चेंबर सार्वजनिक कायद्याखालच्या संस्था आहेत आणि व्यवसाय करणाऱ्या बहुतेक कंपन्यांना सदस्यत्व सक्तीचे आहे. कायदा १९५६ चा आहे आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये ही सक्ती कायम ठेवली. त्यामुळे जर्मन कंपनीने «आम्ही चेंबरचे सदस्य» म्हणणे म्हणजे «आम्ही कर भरतो» असे म्हणण्यासारखे आहे. त्यात निवड झालेली नसते.

नेदरलँड्समध्ये केव्हीके या नावाने ओळखले जाणारे चेंबर व्यापार नोंदवही सांभाळते. तिचा आठ आकडी क्रमांक म्हणजे नोंदणी. त्याला सदस्यत्व म्हणून पुढे केले जात असेल, तर सांगणाऱ्याचा गैरसमज आहे किंवा तो तुमचा गैरसमज करून देतो आहे. कंपनी अस्तित्वात आहे का हे पाहायला मात्र तो क्रमांक उत्तम.

ब्रिटन आणि अमेरिकेत चेंबर खासगी आणि ऐच्छिक असतात. १९१२ मध्ये स्थापन झालेले यूएस चेंबर ऑफ कॉमर्स ही उद्योगांची बाजू मांडणारी खासगी संस्था आहे, सरकारी खाते नव्हे. शहरांतली चेंबर तिच्यापासून स्वतंत्र असतात. म्हणून विक्रेत्याला आधी कोणते चेंबर, कोणत्या गावचे, ते पूर्ण नावानिशी विचारा.

१०. सदस्य, सहयोगी, मान्यताप्राप्त, संलग्न : यांत फरक काय?

कधी कधी जमीन-अस्मानाचा. पूर्ण सदस्यांना आचारसंहिता आणि लवाद लागू असतो आणि सहयोगी सदस्यांना नसतो, असा प्रकार बऱ्याच संघटनांत आहे. बँका, सल्लागार, सॉफ्टवेअर विकणारे असे त्या धंद्यात नसलेले लोकही सहयोगी म्हणून घेतले जातात. म्हणून मेलमध्ये प्रकार विचारायचा आणि मग त्या प्रकारापुरती नियमावली वाचायची.

मोठ्या आंतरराष्ट्रीय नावांत हा घोळ नेहमी दिसतो. आयाटा ही १९४५ मध्ये स्थापन झालेली विमान कंपन्यांची संघटना आहे. तिचे सदस्य विमान कंपन्या असतात. ट्रॅव्हल एजंट तिचे मान्यताप्राप्त एजंट असू शकतात, सदस्य नसतात. मालवाहतूकदारांच्या फियाटा महासंघात राष्ट्रीय संघटनाही सदस्य असतात आणि काही कंपन्या थेट वैयक्तिक सदस्यही असतात. एखादा वाहतूकदार राष्ट्रीय संघटनेत असेल, तर तो «फियाटाच्या सदस्याचा सदस्य» झाला. तेवढ्यावर तो स्वतःला फियाटाचा सदस्य म्हणवत असेल, तर फियाटाकडेच विचारा. आणि «आम्ही आयएसओचे सदस्य आहोत» असे कोणी म्हटले, तर समजून घ्या की आयएसओचे सदस्य देशोदेशींच्या मानक संस्था असतात. कंपनी त्यात सदस्य होऊ शकत नाही, आणि आयएसओ स्वतः कोणाला प्रमाणपत्रही देत नाही.

११. सदस्यत्व असेल तर परवाना, दर्जा आणि आर्थिक स्थिती ठीक आहे असे धरायला हरकत नाही ना?

तीनही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तीनही वेगळ्या ठिकाणी तपासायच्या असतात.

परवाना नियामक देतो. ब्रिटनमधले प्रवासक्षेत्र याचे स्वच्छ उदाहरण आहे. आब्टा ही प्रवास कंपन्यांची संघटना आहे, तर ॲटॉल ही नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवाना योजना आहे आणि ती १९७३ पासून चालू आहे. विमानासह असलेल्या सहलींचे पैसे कंपनी बुडाल्यास सुरक्षित राहावेत यासाठी ॲटॉल असते. दोन्हींचे क्रमांक वेगळे आणि शोधायच्या जागाही वेगळ्या. एक आहे म्हणून दुसरे असेलच असे नाही.

दर्जा आणि कामाच्या परिस्थितीचे तसेच. सेडेक्स या सदस्यसंस्थेत कंपनी असणे म्हणजे तिच्या कारखान्याची तपासणी झाली असे नव्हे. सदस्यत्व हे प्रमाणन नाही. तपासणी झाली असेल, तर अहवाल मागा, त्यावर कोणत्या जागेचा पत्ता आहे ते पाहा आणि तुमचा माल त्याच जागेत बनणार आहे का ते विचारा.

आर्थिक स्थितीसाठी ताळेबंद, निबंधकाकडची कागदपत्रे, गहाण-बोजाची नोंद आणि पत-अहवाल पाहावा लागतो. वर्गणी भरता येणे आणि देणी भागवता येणे यांचा फारसा संबंध नाही. दिवाळखोरीत जाणारी कंपनीही शेवटच्या महिन्यापर्यंत सदस्य असू शकते.

चेंबरने शिक्का मारलेले सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हाही सदस्यत्वाचा पुरावा मानू नका. ते एका विशिष्ट मालाच्या उगमाबद्दल असते, आणि अनेक चेंबर ते बिगरसदस्यांनाही, बहुधा जास्त शुल्क घेऊन, देतात.

१२. सदस्यत्व शंभर टक्के खरे निघाले, नावही तंतोतंत जुळले. तरी फसवणूक होऊ शकते?

होऊ शकते, आणि हा प्रकार सर्वांत घातक. फसवणारा एखाद्या खऱ्या, जुन्या, नावाजलेल्या सदस्य कंपनीचे नाव उचलतो. तिचा नोंदणी क्रमांक, पत्ता, सदस्य क्रमांक, प्रमाणपत्र, सगळे तिचेच असते. तपासणीत सगळे हिरवे निघते. खोटा असतो तो फक्त तुमच्याशी बोलणारा माणूस, त्याचे डोमेन आणि त्याचे बँक खाते.

म्हणून प्रश्न ४ मध्ये संघटनेच्या नोंदीतले डोमेन विचारायला सांगितले. तुम्हाला येणारे मेल `company-export.com` वरून आणि संघटनेकडची नोंद `company.com` ची, असा फरक निघाला की थांबा. संघटनेकडून किंवा निबंधकाच्या नोंदीतून मिळालेल्या फोनवर कंपनीला स्वतः फोन करा. मेलच्या सहीखालच्या क्रमांकावर नको, तो उचलणारा तोच असतो. विचारा की अमुक नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का, ही इन्व्हॉइस तुमची आहे का, आणि हे खाते तुमचे आहे का. खात्याचे शेवटचे चार आकडे त्यांना सांगायला लावा, आपण सांगून «हो का» विचारू नका.

बँक खाते व्यवहाराच्या मधेच बदलल्याचे कळवले, तर ही सगळी तपासणी पहिल्यापासून करा. सदस्यत्व कितीही जुने असले तरी त्याचा खात्याशी काहीही संबंध नाही.

१३. पैसे बुडाले तर संघटना भरून देते का?

सहसा नाही. संघटना तक्रार ऐकू शकते, समेट घडवू शकते, लवाद देऊ शकते, सदस्याला काढू शकते. काढून टाकल्याने तुमचे पैसे परत येत नाहीत. शिवाय बऱ्याच संघटना न्यायालयात गेलेले वाद किंवा निव्वळ थकबाकीचे वाद हाती घेत नाहीत, आणि सदस्याने मधेच राजीनामा दिला तर प्रक्रिया थंडावते.

काही संघटनांकडे मात्र खरोखर हमी निधी, बाँड किंवा विमा असतो. तसे सांगितले गेले, तर पैसे नेमके कोण देणार, एका दाव्याला कमाल किती, कोणता व्यवहार त्यात बसतो आणि दावा किती दिवसांत करायचा, हे योजनेच्या मूळ कागदात पाहा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात «पूर्ण संरक्षण» असे लिहिलेले असते आणि मूळ कागदात फक्त ग्राहकांचे घरगुती व्यवहार बसतात, असे होते. तुम्ही कंपनी म्हणून खरेदी करत असाल, तर हेच आधी पाहा.

१४. कंपनीचा मालक चेंबरच्या कार्यकारिणीवर आहे. याला किती वजन द्यावे?

तो माणूस खरा आहे आणि त्या वर्तुळात ओळखला जातो, इतके. पद व्यक्तीचे असते. त्याच्या सगळ्या कंपन्या त्यामुळे सदस्य होत नाहीत, आणि तो तुमच्याशी कोणत्या कंपनीतून व्यवहार करतो आहे हा प्रश्न ७ तसाच उभा राहतो. एक अडचणही लक्षात घ्या. उद्या तक्रार करायची वेळ आली, तर ती ऐकणाऱ्या समितीत तो किंवा त्याचे सहकारी असतील. अशा सदस्याविरुद्धची तक्रार कोण ऐकते ते नियमावलीत आधीच पाहून ठेवा.

१५. तपासणीची नोंद कशी ठेवायची आणि पुन्हा कधी तपासायचे?

यादीतल्या नोंदीचे पूर्ण पान, वरचा वेबपत्ता आणि तारीख दिसेल असे पीडीएफ करून ठेवा. सोबत संघटनेचे उत्तर मूळ मेलच्या स्वरूपात ठेवा, छापलेल्या कागदावर नको, कारण वाद झाला तर मेल कोठून आला ते त्यातूनच दाखवता येते. फाइलवर «सदस्यत्व तपासले» एवढेच लिहू नका. «अमुक नोंदणी क्रमांकाची कंपनी अमुक तारखेला पूर्ण सदस्य असल्याचे संघटनेने कळवले, वैधता अमुक तारखेपर्यंत» असे लिहा.

नियमित पुरवठादाराची तपासणी त्याच्या सदस्यत्वाची मुदत संपल्यावर महिनाभराने करा. तेव्हाही यादीत प्रश्न ६ मधल्या सवलतीच्या काळातले जुनेच चित्र दिसू शकते, म्हणून कार्यालयालाच विचारा.

१६. कंपनीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या कंपनीने घेतली. सदस्यत्व सोबत जाते का?

नुसते नाव बदलले असेल तर जाते, कारण नोंदणी क्रमांक बहुधा तोच राहतो. निबंधकाच्या नोंदीत जुने नाव दिसते, ते सदस्य यादीशी जुळवून घ्या.

शेअर विकत घेऊन मालकी बदलली असेल, तर कंपनी तीच राहते आणि सदस्यत्व बहुधा चालू राहते. काही नियमावल्यांत मात्र मालकी बदलल्यास कळवणे किंवा नव्याने अर्ज करणे बंधनकारक असते. फक्त धंदा विकत घेतला असेल, म्हणजे यंत्रे, ब्रँड, ग्राहक नव्या कंपनीकडे गेले आणि जुनी कंपनी तशीच मागे राहिली, तर सदस्यत्व जुन्या कंपनीकडेच राहते. संकेतस्थळ तेच, लोगो तोच, विक्री अधिकारीही तेच, त्यामुळे ग्राहकाला काही बदलल्याचे जाणवत नाही आणि तळाचे «१९९८ पासून सदस्य» हे वाक्यही कोणी काढत नाही. इन्व्हॉइसवरचा नोंदणी क्रमांक आधीच्या इन्व्हॉइसशी ताडून पाहिलात, तर बदल लगेच दिसतो. दिसला, तर नव्या क्रमांकाने प्रश्न ४ मधला मेल पुन्हा पाठवा.